चिठ्ठीच्या पानाचे चार नमुने

आमगावच्या बाजार लाइनीत माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, तेरवीचे कार्ड, ग्रामपंचायतीचे फॉर्म, निवडणुकीत उमेदवारांचे हात जोडलेले फोटो, सगळं करते. सोळा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी किती मजकूर टाइप केला असेल, देव जाणे. वाचलेला मात्र फार थोडा. लोकांना हे खरं वाटत नाही. अहो, डोळे कागदावर, बोटं कीबोर्डवर, आणि डोकं घरच्या वरणात. काम असंच होतं. जो वाचत बसतो तो चुका करतो.

हे सांगायचं कारण, त्या वर्षी माझ्या हातून जे झालं ते यामुळेच झालं. चूक म्हणायची की नाही ते अजून मला ठरवता आलेलं नाही.

उन्हाळ्यात एक काकाजी दुकानात आले. पाटबंधारे खात्यातून निवृत्त, पंचाहत्तरीच्या घरात, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. पिशवीतून त्यांनी पाच लाँगबुकं काढली आणि काउंटरवर एकावर एक रचली. स्वतःच्या घराण्याची हकिकत लिहिली होती. माळव्यातून पूर्वज आले तिथपासून स्वतःच्या निवृत्तीपर्यंत. अक्षर मोत्यासारखं, पण पानाच्या चारही बाजूंनी बाण काढून मजकूर घुसवलेला. काकाजी पोवार, आणि पोवारांच्या घरी माळव्याची गोष्ट निघाली की लवकर संपत नाही, हे मला ठाऊक होतं.

"किती प्रती?" मी विचारलं.

"दोनशे. अन् एकवीस फर्मे. बाविसावा फर्मा मी छापत नाही."

छपाईचं ज्याला ठाऊक नाही त्याला सांगते. पुस्तक पानापानानं छापत नाहीत, फर्म्यानं छापतात. डेमी आकारात एका फर्म्यात सोळा पानं बसतात. एका फर्म्याला दोन प्लेटा, कागद, मशीनवर दोन फेऱ्या. एक पान जरी वाढलं तरी कागदाचा हिशेब नव्या फर्म्यापासून सुरू होतो. काकाजींनी नागपूरच्या छापखान्यात स्वतः जाऊन चौकशी केली होती. पोरांकडून एक पैसा घ्यायचा नाही हेही ठरवलं होतं. त्यांच्याजवळ होतं ते एकवीस फर्म्यांत संपत होतं. आयुष्यभर कालव्याचं पाणी मोजून सोडलेला माणूस, त्याच्याशी काय वाद घालायचा.

"अक्षर कसं पाहिजे?"

इथे ते जरा थांबले. मग म्हणाले, "माझ्या बहिणीनं वाचलं पाहिजे. शेवटपर्यंत. बाकीच्यांनी नाही वाचलं तरी चालते."

बहीण त्यांच्याहून सात वर्षांनी मोठी, तिरोड्याकडे दिलेली. त्यांच्या घराण्यात पुस्तक वाचणारी ती एकटीच. सातवी पास, पण वाचनालयातलं कपाट संपवलेली बाई. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं करू देत नाही. तिनं भावाला साफ सांगून ठेवलं होतं, बारीक अक्षरात छापशील त मी न वाचता कपाटात ठेवून देईन. काकाजींच्या म्हणण्याप्रमाणे आणखी एक अट होती, आणि ती त्यांना नीट सांगता येत नव्हती. "सरकारी वाटू नये. घरचा मानूस बोलून राहिला, असं वाटलं पाहिजे."

म्हणजे मोठं पाहिजे, मायेचं पाहिजे आणि एकवीस फर्म्यांत पाहिजे. मी म्हटलं, काकाजी, या तीनपैकी दोन सांगा. ते म्हणाले, "तीनही."

तीन महिने मी टाइप करत होते. मधेमधे पत्रिका, मधेमधे काकाजींची पोरं, वाढवलेलं रान, सासऱ्यांनी धानाच्या पाण्यासाठी खोदलेली बोडी, कोण कोणाकडे किती दिवस रुसून बसलं. बोटांखालून गेलं सगळं. युनिकोडमध्ये टाइप केलं, कारण त्यात एक सोय असते, मजकूर एकदा बसला की फॉन्ट कितीदाही बदलता येतो. जुन्या फॉन्टात टाइप केलं असतं तर फॉन्ट बदलला की अक्षरांची खिचडी.

मग फॉन्ट निवडायची वेळ आली. माझ्याजवळ शंभराच्या वर असतील, पण पुस्तकाच्या कामाचे चार. पहिला आखूड, दाटीवाटीचा. अक्षरं बसच्या सीटवर तिघं बसल्यासारखी. त्यात अख्खं पुस्तक वीस फर्म्यांत येत होतं. काकाजींचा एक फर्मा उरत होता. दुसरा पत्रिकेचा, वेलांट्या कमरेत वाकलेल्या. गोंदियात लोकांना तोच आवडतो, पण बारीक रेघा साध्या मॅपलिथो कागदावर छापल्या की तुटतात. तिसरा गोल, भरलेला, रेघेला जाडी आणि अक्षराच्या पोटात हवा. वाचायला सगळ्यात गोड. चोवीस फर्मे. चौथा साधा, नीटनेटका, बावीस फर्मे, पण त्याचा ल आणि श हिंदीच्या वळणाचा. गोंदियाकडे निम्मी दुकानं तेच वळण वापरतात आणि कोणाचं काही अडत नाही. मला मात्र मराठी पुस्तकात ते वळण दिसलं की डोकं फिरतं. ग्राहकासमोर बोलत नाही एवढंच.

तिसरा चोवीसचा एकवीस कसा करायचा, यावर मी चार दिवस घातले. अक्षर अर्ध्या पॉइंटनं कमी केलं. समास थोडा कापला. आणखी कापला तर पानं शिवणीत जातात, मग वाचणाऱ्याला पुस्तक फाकवून धरावं लागतं. दोन ओळींतली जागा कमी करून पाहिली. इंग्रजीत ते चालतं. आपल्याकडे वरच्या ओळीचा उकार खाली लोंबतो, खालच्या ओळीचा रफार वर उभा राहतो, आणि दोघांची टक्कर होते. हे सगळं करून चोवीसाचे तेवीस झाले. पुढे हलेना.

काकाजींना फोन करून सांगितलं. बहिणीला ते बाई म्हणायचे. म्हणाले, "बाईले माहेरी आनून राहिलो आठ दिवसांसाठी. दुकानात घेऊन येतो. चारही अक्षरांत एकेक पान काढून ठेवा. तिच्या डोळ्याले जो लागत नाही तो घेऊ."

चारही फॉन्टांत एकच पान काढायचं, हा नियम. नाहीतर तुलना कशाची करणार? आणि पानही कोणतंही नाही चालत. फॉन्ट कुठे मार खातो तर जोडाक्षरांत. सगळ्यात वाईट ठ्ठ. एकाखाली एक दोन ठ, दोघांची पोटं बंद. आखूड फॉन्टात ती पोटं शाईनं बुजतात आणि दोन काळे ठिपके राहतात. म्हणून ठ्ठ जास्त असलेलं पान शोधायचं. मी शोध लावला. दोनशे सतराव्या पानावर 'चिठ्ठी' हा शब्द नऊ वेळा होता. शिवाय 'दुसऱ्या', 'वऱ्हांडा', 'पोस्ट्या', सगळी अवघड मंडळी एकाच पानावर. मला एवढा आनंद झाला म्हणून सांगू. चार प्रती काढल्या, कोपऱ्यात पेन्सिलीनं एक ते चार आकडे घातले आणि चहा पिऊन आले.

वाचलं नव्हतं. वाचायला काय झालं होतं मला? चार मिनिटं लागली असती.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला ऑटो थांबला. काकाजी आधी उतरले, मग त्यांनी बहिणीला उतरवलं. एक्याऐंशीची बाई, बुटकी, नऊवारी, हातात कापडी पिशवी आणि पिशवीत दोन चष्मे. एक लांबचा, एक जवळचा. आल्याआल्या तिनं माझ्या दुकानातल्या पत्रिकांच्या नमुन्यांकडे पाहिलं आणि म्हणाली, "एवढ्या देवाईले कायले बोलावतेत लग्नात? जेवायले तर मानसंच येतात."

मला ती तेव्हाच आवडली.

खुर्ची दिली, पंखा वळवला, चारही कागद हातात दिले. काकाजी तिच्या खुर्चीमागे उभे राहिले. त्यांनी कागद पाहिले नव्हते. बहिणीचाच निर्णय, तर मी कशाला पाहू, असं त्यांचं चाललं होतं.

ती बाई वरवर चाळणारी नव्हती. पहिला कागद तिनं पहिल्या अक्षरापासून शेवटच्या पूर्णविरामापर्यंत वाचला. ओठ हलत होते. मला वाटलं, वा, गिऱ्हाईक असावं तर असं. पान संपलं. दुसरा कागद उचलला. तोही पूर्ण वाचला. मजकूर तोच आहे हे तिला कळलं असणार, तरी पूर्ण वाचला. मग तिसरा.

तिसरा वाचताना काकाजींनी सहज तिच्या खांद्यावरून पाहिलं. माणसाचा रंग जातो म्हणतात ते मी तेव्हा पाहिलं. मला म्हणाले, "हाच पान काऊन?"

"ठ्ठ साठी," मी म्हटलं. "चिठ्ठीतला ठ्ठ बुजतो काकाजी. तपासावा लागतो."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मॉनिटरवर तेच पान उघडून पहिल्यांदा वाचलं.

त्यात असं होतं. बहिणीचं लग्न झालं तेव्हा ती सतरा वर्षांची, हे दहा वर्षांचे. आईबापांना वाचता येत नव्हतं. घरात अक्षर ओळखणारा हा एकटा. पहिल्या वर्षात सासरहून बहिणीच्या तीन चिठ्ठ्या आल्या. पोस्ट्या शाळेच्या वऱ्हांड्यात यांच्याच हातात देऊन जायचा. तीनही चिठ्ठ्यांत एकच मागणी होती, मला घेऊन जा, इथे मला जेवायला देत नाहीत, दोन महिने तरी न्या. हे चुलीसमोर बसून आईला वाचून दाखवायचे आणि ती ओळ आली की म्हणायचे, मी खुशाल आहे. कारण बहिणीच्या नवऱ्याकडे सायकल होती. पाचवी पास झालास की शिकवीन, असं त्यानं कबूल केलं होतं. बहीण माहेरी परत आली असती तर सायकल गेली असती. पानाच्या शेवटी लिहिलं होतं, मी सायकल शिकलो. चौथी चिठ्ठी आली नाही.

मी ते पान बंद केलं. काय करावं ते सुचेना, म्हणून प्रिंटरचा ट्रे उगाच बाहेर काढून पुन्हा आत घातला.

बाईनं चौथा कागदही वाचला. मग चारही नीट जुळवून मांडीवर ठेवले आणि चष्मा काढला.

"बाबू," ती म्हणाली. "मायले तू काय वाचून दाखवलं?"

"खुशाल आहे म्हनून."

"तीनही वेळा?"

"तीनही."

"म्हंजे मायले मालूमच नव्हतं."

काकाजी जवळच्या स्टुलावर बसले. ती पुन्हा म्हणाली, "मालूमच नव्हतं तिले." या खेपेला ती आम्हा दोघांशी बोलत नव्हती.

दारात एक माणूस झेरॉक्ससाठी आला, त्याला मी हातानंच परत पाठवलं. मग बाई बोलायला लागली, एकदम साध्या आवाजात, भाजीचा भाव सांगावा तशी. "मी समजली, मायनं ऐकलं अन् सोडून देल्लं. माणसं पाठवायचा खर्च नको म्हनून सोडून देल्लं. दिवाळीले आली त तिच्याशी धड बोलली नाही मी. मंग कधीच धड बोलली नाही. ती विचारे, बाई, तुझं का बिनसलं माझ्यासंगं? मी म्हनो, काही नाही. तिच्या शेवटच्या दुखन्यात निरोप आला त आठ दिवस उशिरा गेली. मुद्दाम गेली उशिरा."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. लपवत नाही. रडू मला तिच्यासाठी आलं आणि राग स्वतःचा आला. बापरे, काय हे पान काढून ठेवलं मी हिच्या हातात, अन् तेही चार वेळा!

काकाजी स्टुलावर बसले होते. माझ्याकडे पाहून म्हणाले, बहिणीकडे पाहायची हिंमत नव्हती त्यांची, "तिनं आपल्या घरी बसून वाचावं, मी समोर नसताना, असं होतं माझं. लिहिता लिहिता पाच बुकं झाली. सांगायचं तर एवढंच होतं."

मग ते एकदम उठले आणि कामाचा आवाज काढला. "बाई, हा बालपनाचा भागच काढून टाकू. बत्तीस पानं आहेत. दोन फर्मे. तेवीसचे एकवीस होतात, बराबर बसते. तुले पाहिजे तो अक्षर घे. का आहे त्या भागात, गोट्या अन् बोरं."

हिशेब चोख होता. मीच चार दिवस डोकं फोडत होते आणि यांनी उभ्याउभ्या दोन फर्मे कापले. आणि कापले कुठे, तर नेमके तिथेच.

बाईनं चष्मा पुन्हा लावला. "पहिले अक्षराचं पाहू," ती म्हणाली. पहिला कागद मला परत दिला. "हा ठाण्यातला कागद वाटते. यात माझा भाऊ चोर दिसते." दुसरा दिला. "यात माझं पुन्हा लगन लागून राहिलं. एकदा लागलं तेवढं पुरे." चौथा दिला. "हा शाळेतला आहे. चुका काढाव्या वाटते." तिसरा तिनं हातातच ठेवला. "हा राहू दे. यात तो दहा वर्षाचा पोरगा दिसते. चुलीसमोर बसला आहे अन् खोटं वाचून राहिला."

"बाई, तो तेवीस फर्म्याचा आहे," काकाजी म्हणाले.

"माळवा किती पानाचा आहे?" तिनं मला विचारलं.

मी अनुक्रमणिका पाहिली. "चौतीस."

"तो काढ."

काकाजींना खरंच धक्का बसला. चिठ्ठीच्या पानानं बसला नव्हता एवढा. "बाई! आपला इतिहास आहे तो. कोन कुठून आला, कसा आला..."

"आले अन् भात लावले. का करतेत दुसरं? त्याईले ना तू पाह्यलं ना मी. मायले आपन दोघांनीच पाह्यलं." तिनं तिसऱ्या कागदावर बोट ठेवलं. "बत्तीस पानं राहतीन. हा पान त राहीनच. माझ्या पोरी वाचतीन, नाती वाचतीन. आजी आपल्या मायशी अशी काऊन वागली, हे त्याईले माझ्याकडून कधी समजलं नाही. माझी मोठी पोरगी अजून म्हनते, तुम्ही तुमच्या मायचा जीव जाळला. तिले हेच अक्षर देजो."

मी कीबोर्ड ओढला आणि त्यांच्यासमोरच माळवा काढला. चौतीस पानं, एका बटणात. खालचा आकडा तेवीसवरून एकवीसवर आला आणि शेवटी दोन पानं कोरी उरली. काकाजींनी ती पाहिली.

मग आगाऊ पैसे, प्रुफाची तारीख, कव्हरचा रंग, हे सगळं झालं. असल्या गोष्टींना माणूस थांबत नाही, हे एक बरं असतं. तिसऱ्या नमुन्याचा कागद बाईनं घडी करून पिशवीत टाकला. मी चहा मागवला होता, तो कोणी प्यायला नाही.

ऑटोवाला हॉर्न वाजवायला लागला. पायरीशी काकाजी थांबले. जे विचारायला पाच लाँगबुकं लिहिली ते त्यांनी तिथे, माझ्या दुकानाच्या पायरीवर, चपला घालताना विचारलं. "बाई, माझ्यावर राग आहे का?"

तिनं जरा विचार केला. खोटं बोलायचं नव्हतं तिला, हे दिसत होतं.

"राहीन त राहीन," ती म्हणाली. "पन तुझ्यावर रागवायले आता वेळ कुठून आनू, बाबू? एक्याऐंशीची झाली मी. साठ वर्षं मायवर केला तोच राग परत घ्यायचा आहे पहिले. तो घेता घेताच मी सरन."

मग तिनं त्यांचा हात धरला, कारण पायरी उंच होती, आणि दोघं ऑटोत बसून गेले.